चिंच ‘त्यातच’ म्हणजे कशात?

“अगं, अळूत काय अवघड आहे? देठ सोलायचे, पानं बारीक चिरायची आणि कुकरला लावायचं. डाळ-दाणे बरोबर लावायचेच. कुकर पडला की मस्त घोटायचं, अगदी एकजीव. डाळीचं पीठ लावायचं थोडंसं. मग पाणी घालून सारखं करायचं, गूळ-मीठ, आणि उकळू द्यायचं. चिंच मात्र आधीच घालायची हं, त्यातच, नाहीतर घसा खवखवतो. आमच्या मोठ्या जाऊबाई एकदा विसरल्या होत्या, मुंजीची पंगत बसलेली, विचारूच नकोस! वरून फोडणी द्यायची, मेथ्या आणि लाल मिरच्यांची, चांगली मोठी. खोबऱ्याचे काप असतातच. चुका मिळाला तर घालावा मूठभर, मग चिंच कमी. आणि हो, डाळ-दाणे आधी भिजत घालायचे, ते राहिलंच सांगायचं.”

आमच्या मावशीची ही अळूची पातळ भाजी, म्हणजे फदफदं. ज्याने ते आयुष्यभर खाल्लं आहे, त्याला एवढं सांगणं पुरतं. पण ज्याने अळू फक्त पानात वाढलेलं पाहिलं आहे, त्याला हे ऐकून भाजी करता येणार नाही. तो देठ सोलेल, पानं चिरेल, कुकर काढेल आणि सगळ्यात शेवटच्या वाक्याला पोचल्यावर त्याला कळेल की डाळ भिजवायला चार तासांपूर्वी सुरुवात करायला हवी होती.

सांगणारी माणसं आठवेल त्या क्रमाने सांगतात. हात वेगळ्या क्रमाने चालतात. गोष्टीतली पाककृती ‘साहित्य’ आणि ‘कृती’ अशा दोन भागांत मांडायची, म्हणजे आठवणीचा क्रम मोडून हातांचा क्रम लावायचा. ऐकायला कारकुनी काम वाटतं. करायला बसलं की लक्षात येतं, यात निम्मी चौकशी आहे.

ही मांडणी आज इतकी सवयीची झाली आहे की ती कोणीतरी ठरवून आणली असेल असं वाटतही नाही. इंग्लंडमध्ये इलायझा अ‍ॅक्टन यांनी 1845 च्या आपल्या पुस्तकात प्रत्येक कृतीच्या शेवटी जिन्नस, त्यांची मापं आणि लागणारा वेळ वेगळा काढून दिला. त्याआधी हे सगळं परिच्छेदातच विरघळलेलं असायचं. 1861 च्या इझाबेला बीटन यांच्या जाडजूड पुस्तकात जिन्नसांची यादी कृतीच्या वर आली, आणि ती तिथेच राहिली. कारण उघड आहे. चुलीवर काही ठेवण्याआधी घरात काय आहे आणि काय नाही हे बघावं लागतं.

तर मावशीच्या अळूकडे वळू. पहिलं काम म्हणजे तोंडात जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीखाली रेघ मारायची. अळू, डाळ, दाणे, डाळीचं पीठ, पाणी, गूळ, मीठ, चिंच, मेथ्या, लाल मिरच्या, खोबरं, चुका. बारा जिन्नस निघाले. आता जे बोलण्यात नाही पण असणारच, ते शोधायचं. ‘फोडणी’ या एका शब्दात तेल, मोहरी, हिंग आणि हळद बसली आहे. सांगणारीला ती वेगळी सांगावीशी वाटत नाही, कारण तिच्या दृष्टीने फोडणी हीच एक वस्तू आहे. यादीत मात्र तिचे चार-पाच जिन्नस सुटे मांडायला हवेत, आणि तेही ‘फोडणीसाठी’ अशा वेगळ्या मथळ्याखाली, म्हणजे करणारा ते आधीच एका ताटलीत काढून ठेवेल. तेल तापल्यावर हिंगाची डबी शोधायला वेळ नसतो.

इथे लिहिणाऱ्याची खरी परीक्षा असते. अळू लिहिताना बहुतेकांचा हात आपोआप गोड्या मसाल्याकडे जातो. ‘ती सांगायला विसरली असेल’ असं म्हणून तो घालून टाकण्याचा मोह होतो. मावशीला विचारलं तर म्हणाली, “छे, अळूत मसाला कसला? मग अळू कशाला खायचं?” म्हणजे ती विसरली नव्हती, ती मसाला घालतच नाही. न सांगितलेल्या गोष्टी दोन प्रकारच्या असतात: इतक्या गृहीत की सांगायची गरज नाही, आणि इतक्या वर्ज्य की सांगायची गरज नाही. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. विचारल्याशिवाय त्यांतली कुठली कोणती हे कळत नाही. विचारायला माणूस उरलेला नसेल, तर जे सांगितलं आहे तेवढंच लिहावं आणि आपली भर खाली टीपेत, आपली म्हणून, द्यावी.

आता मापं. ‘थोडंसं’, ‘मूठभर’, ‘चांगली मोठी’. “किती?” असं विचारून उपयोग होत नाही. उत्तर “अंदाजाने” असंच येतं, आणि ते खरंही असतं. त्यापेक्षा तिला करू द्यावं आणि बाजूला उभं राहावं. गुळाचा डबा आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवला की किती गूळ गेला ते कळतं. पीठ तिने हाताने काढलं की ते पातेल्यात पडण्याआधी वाटीत झेलून चमच्याने मोजायचं. ती थोडी वैतागते, पण थांबते.

मराठीत या बाबतीत कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’चा मोठा आधार आहे. 1970 साली आलेल्या या पुस्तकाने घरातलीच वाटी आणि घरातलाच चमचा माप म्हणून वापरला, त्यामुळे वजनकाटा नसलेल्या स्वयंपाकघरातही ते चाललं. अडचण एवढीच की प्रत्येक घरची वाटी वेगळी असते. आमच्याकडे आमटीची वाटी आणि कोशिंबिरीची वाटी यांतच बराच फरक आहे. त्यामुळे आपल्या कृतीच्या वर एक ओळ लिहून टाकावी: इथे वाटी म्हणजे 150 मिलिलिटर, लहान चमचा 5, मोठा 15. वाटीत पाणी भरून ते मापाच्या भांड्यात ओतलं की आपली वाटी किती मिलिलिटरची आहे ते मिनिटात कळतं.

मापाबरोबर एक बारीक गोष्ट येते, आणि छापलेल्या कृतींतही ती सर्रास चुकते. ‘पाव वाटी भिजवलेली डाळ’ आणि ‘पाव वाटी डाळ, भिजवून’ हे एक नव्हे. हरभऱ्याची डाळ भिजली की फुगून जवळपास दुप्पट होते. पहिल्या वाक्याप्रमाणे मोजणाऱ्याच्या भाजीत निम्मीच डाळ पडेल. ‘अर्धी वाटी दाण्याचं कूट’ आणि ‘अर्धी वाटी दाणे, कुटून’ यांतही तसाच फरक पडतो. मोजायची ती वस्तू ज्या अवस्थेत मोजली, त्याच अवस्थेत यादीत लिहायची. तिचं पुढे काय करायचं ते मापानंतर. मावशी डब्यातून कोरडी डाळ काढते, म्हणून यादीतही डाळ कोरडीच मोजायची.

यादी कोणत्या क्रमाने लावायची? काही जण सगळ्यात जास्त लागणारा जिन्नस वर घेतात. मला वापराचा क्रम बरा वाटतो. जो जिन्नस आधी हातात घ्यायचा तो आधी. त्यामुळे मावशीने सगळ्यात शेवटी सांगितलेले डाळ-दाणे यादीत सगळ्यात वर गेले, आणि अळू, ज्याच्या नावाने भाजी ओळखली जाते, ते तिसऱ्या ओळीवर आलं. दिसायला विचित्र, पण वाचणाऱ्याची नजर पहिल्यांदा पडते ती भिजवायच्या गोष्टीवर. वर शीर्षकाखालीच ‘भिजवायला 4 तास’ असंही लिहायचं. रात्री आठ वाजता पुस्तक उघडणाऱ्याचा त्या एका ओळीने पुष्कळ त्रास वाचतो.

आता कृती. गोष्टीतल्या क्रियापदांखाली दुसऱ्या रंगाने रेघ मारत गेलं की पायऱ्या दिसायला लागतात: सोलणं, चिरणं, कुकरला लावणं, घोटणं, पीठ लावणं, पाणी घालणं, उकळणं, फोडणी देणं, भिजवणं. शेवटचं उचलून पहिल्या क्रमांकावर नेलं की बहुतेक रांग लागली असं वाटतं. मग आपण अडतो त्या वाक्यापाशी: ‘चिंच आधीच घालायची, त्यातच.’

आधी म्हणजे कशाच्या आधी? त्यातच म्हणजे कशात? बोलताना तिच्या डोळ्यांसमोर भांडं असतं, आपल्यासमोर नसतं. कुकरमध्ये अळू आणि डाळ-दाणे ‘बरोबर’ लावायचे म्हटल्यावर सरळ वाचणारा सगळं एका भांड्यात घालून वर चिंच पिळेल. तसं केलं की डाळ शिजत नाही. आंबटात डाळ लवकर मऊ होत नाही, म्हणून आमटीतही चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावरच पडतं. कितीही शिट्ट्या काढल्या तरी डाळीचा कणा राहतो. उलट, डाळीला जपायचं म्हणून चिंच अगदी शेवटी घातली, तर अळू आंबटाविना शिजतं. अळूच्या पानात आणि देठात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. तेच घशाला आणि हाताला टोचतात. पान नीट शिजवलं आणि आंबटाबरोबर शिजवलं की खाज जाते, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. जाऊबाईंच्या मुंजीची गोष्ट त्याचीच.

म्हणजे एकाच चिंचेला दोन उलट मागण्या. अळूला ती आधी हवी, डाळीला नंतर. मावशी हा पेच कसा सोडवते? तिला विचारलं तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की हे काय विचारायचं असतं! “दोन भांडी लावते ना मी. खालच्यात डाळ-दाणे, वरच्यात अळू. चिंच अळूत.” ‘बरोबर’ म्हणजे एकाच कुकरमध्ये, एकाच भांड्यात नव्हे. भाजी जमण्या-बिघडण्याचा सगळा प्रश्न या दोन भांड्यांत होता, आणि दोन भांडी तिच्या गोष्टीत कुठेच नव्हती.

दुसरी गोष्ट तर विचारूनही कळली नसती. ती अळू चिरायला बसली तेव्हा तिने आधी तळहातावर तेलाचे दोन थेंब घेऊन दोन्ही हातांना चोळले. कच्च्या अळूने हातही खाजतात. हे ती इतक्या सहज करते की तो स्वयंपाकाचा भाग आहे असं तिला वाटतच नाही. नवखा माणूस मात्र पहिल्या पाच मिनिटांतच हात खाजवत नळाखाली पळेल. ही पायरी कृतीत आली, आणि तिच्यामुळे यादीत तेल दोन ठिकाणी आलं: एकदा हाताला, एकदा फोडणीला. एक जिन्नस दोनदा लागत असेल तर यादीत ते दिसायला हवं, नाहीतर पहिल्याच वेळी सगळा संपून जातो.

पिठाचंही असंच. ‘डाळीचं पीठ लावायचं, मग पाणी’ हा क्रम तिने बरोबरच सांगितला होता. पण ऐकताना तो महत्त्वाचा वाटत नाही, आणि लिहिणारा ‘पीठ व पाणी घालून घोटा’ असं एका ओळीत उरकतो. पातळ झालेल्या भाजीत कोरडं पीठ पडलं की गुठळ्या होतात, आणि त्या फोडता फोडता पुरेवाट होते. दाट, घोटलेल्या अळूला पीठ लागलं तर डावाखाली ते सहज मिसळतं. म्हणून ही पायरी वेगळ्या क्रमांकाची. एका क्रमांकात किती मावावं याला माझा साधा नियम आहे: भांडं बदललं किंवा थांबून काही बघायचं असलं की नवा क्रमांक. प्रत्येक क्रियापदाला क्रमांक दिला तर वीस ओळी होतात आणि वाचणाऱ्याची जागा हरवते. तीनच क्रमांक केले तर प्रत्येक ओळ पुन्हा गोष्टच होते.

मग गोष्टीतलं काय ठेवायचं? मुंजीची पंगत कृतीच्या मध्ये नको. ती हवीच असेल तर वर, शीर्षकाखाली दोन ओळींत. पण ‘नाहीतर घसा खवखवतो’ ही आठवण नव्हे, तो इशारा आहे, आणि त्याची जागा चिंचेच्या पायरीवरच. ‘एकजीव’ हेही ठेवायचं, फक्त ते डोळ्यांना कसं दिसतं ते जोडून. वेळेपेक्षा खूण भरवशाची असते. कुकर नवा की जुना, शेगडी गॅसची की इंडक्शनची, यावर शिट्ट्या बदलतात. देठ चमच्याखाली विरघळला की नाही, हे मात्र कुठल्याही घरात सारखंच कळतं. म्हणून शिट्ट्यांचा आकडा द्यायचा आणि त्याला लागून खूणही.

हे सगळं धरून मावशीचं अळू असं उतरलं:

अळूची पातळ भाजी
चार-पाच जणांसाठी. भिजवायला 4 तास, पुढे साधारण पाऊण तास.
(वाटी = 150 मिली, लहान चमचा = 5 मिली, मोठा चमचा = 15 मिली)

साहित्य
पाव वाटी हरभऱ्याची डाळ (कोरडी मोजून)
पाव वाटी शेंगदाणे
भाजीच्या अळूची 1 मोठी जुडी (देठांसह 10–12 पानं)
सुपारीएवढी चिंच
हाताला लावायला थोडं तेल
2 मोठे चमचे डाळीचं पीठ
साधारण 3 वाट्या गरम पाणी, शिवाय चिंचेसाठी अर्धी वाटी
2 मोठे चमचे चिरलेला गूळ
दीड लहान चमचा मीठ

फोडणीसाठी:
3 मोठे चमचे तेल
1 लहान चमचा मोहरी
अर्धा लहान चमचा मेथ्या
3–4 सुक्या लाल मिरच्या, तोडून
2 मोठे चमचे सुक्या खोबऱ्याचे पातळ काप
पाव लहान चमचा हिंग
अर्धा लहान चमचा हळद

कृती
1. डाळ आणि दाणे एकत्र धुऊन भरपूर पाण्यात 4 तास भिजत घाला.
2. चिंच अर्धी वाटी गरम पाण्यात भिजवून कोळ काढून घ्या.
3. हातांना तेल चोळा. अळू धुऊन देठांची सालं ओढून काढा. देठांचे लहान तुकडे करा, पानं बारीक चिरा.
4. कुकरच्या एका भांड्यात भिजलेले डाळ-दाणे आणि ते बुडतील इतकं पाणी घ्या. दुसऱ्या भांड्यात अळू आणि सगळा चिंचेचा कोळ घाला. डाळीत चिंच जाऊ देऊ नका, ती शिजणार नाही. अळूत चिंच विसरू नका, घसा खवखवेल. 4 शिट्ट्या करा.
5. कुकर पडल्यावर बघा. देठ चमच्याने दाबला की विरघळायला हवा. डाळ अख्खी दिसावी, पण बोटांत सहज चेपली जावी. तसं नसेल तर आणखी 2 शिट्ट्या करा.
6. अळू पातेल्यात काढा. पाणी न घालता त्यावर डाळीचं पीठ पसरा आणि डावाने घोटा. पानाचे तुकडे आणि पिठाचे फिकट ठिपके दिसेनासे झाले की एकजीव झालं.
7. डाळ-दाणे त्यांच्या पाण्यासकट घाला. गरम पाणी, गूळ आणि मीठ घालून ढवळा. उकळी आली की मंद आचेवर 8–10 मिनिटं, कच्च्या पिठाचा वास जाईपर्यंत उकळा. मधूनमधून तळापासून ढवळा.
8. कढल्यात तेल तापवून मोहरी घाला. ती तडतडली की मेथ्या घाला. मेथ्या लालसर होताच मिरच्या आणि खोबऱ्याचे काप घाला. काप कडेने तांबूस झाले की आच बंद करून हिंग, हळद घाला आणि फोडणी लगेच भाजीवर ओता.

चुका मिळाला तर: मूठभर चिरलेला चुका पायरी 4 मध्ये अळूबरोबर घाला आणि चिंच निम्मी करा.

लिहून झाल्यावर एक तपासणी डोळे झाकून करता येते, पेन्सिलीने. कृती वाचत जायचं आणि यादीतला जिन्नस वापरला गेला की त्यावर काट मारायची. शेवटी यादीत काही उरलं तर ते कृतीत घालायचं राहिलं. कृतीत काही भेटलं जे यादीत नाही, तर ते यादीत लिहायचं राहिलं. यात बहुतेक वेळा सापडतात मीठ आणि पाणी. दुसरी तपासणी जरा महाग पडते: अळू कधीच न केलेल्या माणसाच्या हातात कागद द्यायचा, आणि त्याने काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. तो जिथे मान वर करून बघेल, तिथे पेन्सिलीने खूण करायची. आमच्याकडे भाच्याने अशी मान आठव्या पायरीवर वर केली. ‘मेथ्या लालसर’ म्हणजे किती, हे त्याला कळेना, आणि तेवढ्यात त्या काळ्या झाल्या. मेथी जळली की तिचा कडूपणा भाजीभर उतरतो, तो गुळानेही झाकत नाही. त्या ओळीत ‘होताच’ आणि ‘लगेच’ हे दोन शब्द त्यानंतर आले.

एक मर्यादा मात्र या मांडणीला आहे. क्रमांक लावले की सगळं एकामागून एक होतं असा भास होतो. मावशी कुकर शिट्ट्या देत असताना खोबऱ्याचे काप करते, अळू उकळत असताना फोडणीचं तेल तापवते. कागदावरचं पाचनंतर सहा हे तिच्या हातात एकाच वेळी चालू असतं. त्यावर उपाय म्हणून काही जण ‘दरम्यान’ असा शब्द पेरतात. तो एकदाच आला तर चालतो. तीनदा आला की वाचणारा गोंधळतो. मी कापांचं काम सरळ यादीतच टाकलं, ‘पातळ काप’ म्हणून, म्हणजे ते आधीच तयार असतील. थोडा वेळ जास्त लागेल, पण पहिल्यांदा करणाऱ्याला घाई नसलेली बरी.

आणि कोणी दहा जणांसाठी करायला घेतलं, तर अळू, डाळ, दाणे, पीठ सरळ दुप्पट करावं. पाणी दुप्पटीपेक्षा थोडं कमी घालून सुरुवात करावी, कारण मोठ्या पातेल्यात त्या मानाने कमी आटतं. मीठ आणि गूळ आधी दीडपट घालून, उकळल्यावर चव बघून वाढवावं. फोडणीचं तेलही दीडपट पुरतं.